नोटीस आधी, निकाल नंतर, पण दोन्ही वाचावेत



उमरेडमध्ये कंपनी म्हटले की आधी कोळसा खाण डोळ्यांपुढे येते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे कोण कुठे बदलून आले, हे चौकात आधी कळते आणि वर्तमानपत्रात नंतर. पण कंपनीचे मोठे निर्णय कोण घेते, कोणाच्या संमतीने घेते आणि त्याला किती जणांचा विरोध होता, याबद्दल आपण आर्थिक विषयांवर लिहिणारे बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर लिहितो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीबाबत ही माहिती दर वर्षी उघडपणे छापली जाते. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि त्या सभेच्या मतदानाचा निकाल, एवढी दोनच कागदपत्रे कशी वाचायची, यावर आज मी बोलणार आहे.

आपल्या राज्यातले एक प्रकरण घेऊ. रेमंड कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय रत्नागिरीच्या झाडगावात. 2017 च्या वार्षिक सभेच्या नोटिशीत एक ठराव होता. मुंबईत भुलाभाई देसाई रस्त्यावर कंपनीच्या मालकीची जेके हाऊस ही इमारत आहे. तिथल्या सदनिका सिंघानिया कुटुंबातील व्यक्तींना, म्हणजे प्रवर्तकांना व त्यांच्या आप्तांना, विकण्यासाठी भागधारकांची संमती मागितली होती. आधार होता 2007 साली झालेल्या करारांचा. दर होता चौरस फुटाला 9,200 रुपये. त्या भागातला बाजारभाव तेव्हा लाखाच्या वर होता. भागधारकांना मतदानाविषयी सल्ला देणाऱ्या आयआयएएस या संस्थेने हिशोब मांडला, की या विक्रीत कंपनीचे साडेसहाशे कोटींहून अधिक नुकसान होईल. जून 2017 मध्ये मतदान झाले आणि 97 टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. ठराव फेटाळला गेला.

हा निकाल लागला कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. प्रवर्तकांचा हिस्सा मोठा असताना ठराव पडला, कारण व्यवहार त्यांच्याशीच होता. कंपनी कायदा 2013 च्या कलम 188 खाली येणाऱ्या अशा व्यवहारात ज्याचा हितसंबंध आहे त्या भागधारकाला त्या ठरावावर मत देता येत नाही. राहिले बाकीचे, आणि त्यांनी कौल दिला. हे सगळे कळण्यासाठी कंपनीत कुणी ओळखीचे असावे लागत नव्हते. नोटीस सभेच्या किमान 21 दिवस आधी भागधारकांकडे पोचलेली असते.

नोटिशीत कामकाज दोन भागांत मांडलेले असते. हिशेब, लाभांश, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकांची फेरनेमणूक, लेखापरीक्षकांची नेमणूक, हे साधारण कामकाज. त्याखेरीज जे जे असेल ते विशेष कामकाज, आणि त्यासाठी कलम 102 प्रमाणे स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडावेच लागते. ठराव पुढच्या पानांवर असतात, निवेदन मागे, बारीक अक्षरांत. माझा आग्रह आहे की वाचन मागून सुरू करा. कोणत्या संचालकाचा, अधिकाऱ्याचा किंवा त्यांच्या नातेवाइकांचा या ठरावात हितसंबंध आहे, हे तिथे लिहावे लागते. किंमत कशी ठरली, हे तिथे शोधायचे. ते मोघम असेल, तर बातमी त्या मोघमपणातच आहे.

संचालकांची ओळखही इथेच होते. ज्याची नेमणूक किंवा फेरनेमणूक व्हायची आहे त्याचे वय, शिक्षण, अनुभव, पहिल्या नेमणुकीची तारीख, मानधन, त्याच्याकडचे शेअर, इतर कंपन्यांतील संचालकपदे, दुसऱ्या संचालकांशी असलेले नाते आणि वर्षभरात संचालक मंडळाच्या किती बैठकांना तो हजर होता, हे नोटिशीच्या परिशिष्टात असते. एकाच माणसाची वेगवेगळ्या वर्षांच्या परिशिष्टांतली माहिती शेजारी शेजारी ठेवली, की मानधन वाढत गेले आणि हजेरी घटत गेली असेल, तर ते कुणी सांगावे लागत नाही.

आता निकालाकडे वळू. सभा संपल्यावर दोन कामकाजी दिवसांत कंपनीला मतदानाचा तपशील शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. सोबत तपासनिसाचा अहवाल असतो. बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये Scrutinizer's Report या नावाने तो सापडतो. प्रत्येक ठरावाला एक तक्ता, आणि त्यात तीन ओळी: प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक. कुणाकडे किती शेअर, त्यांतून किती मते पडली, बाजूने किती, विरोधात किती.

गफलत इथेच होते. आपण तळाची एकूण टक्केवारी उचलतो. समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे 100 शेअर आहेत. प्रवर्तकांकडे 60, आणि सगळे ठरावाच्या बाजूने. संस्थांकडे 25, त्यांतल्या 22 शेअरची मते पडली, 8 बाजूने आणि 14 विरोधात. उरलेले 15 शेअर तुमच्याआमच्यासारख्यांचे, त्यांतली फक्त 2 मते पडली, दोन्ही बाजूने. एकूण मते 84. बाजूने 70, म्हणजे 83 टक्के. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते बाजूने लागतात, तोही मंजूर. ‘भागधारकांचा भरघोस पाठिंबा’ असा मथळा तयार! पण प्रवर्तक वगळले तर मते 24 आणि त्यांतली 14 विरोधात, म्हणजे 58 टक्के. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ठराव नाकारला होता, ही खरी बातमी. आणि सामान्य भागधारकांच्या पंधरातल्या तेरा शेअरची मते पडलीच नाहीत, ही दुसरी.

उलटही घडते. 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या सभेत व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या मानधनासंबंधीच्या विशेष ठरावाला बहुसंख्य मते बाजूने मिळाली, तरी तीन चतुर्थांशांचा टप्पा गाठला नाही म्हणून तो पडला. पुढे मानधनाची मर्यादा कमी करून ठराव नव्याने आणावा लागला.

या कागदांच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. विरोध झाला एवढे तक्ता सांगतो. का झाला, हे सांगत नाही. त्यासाठी म्युच्युअल फंडांनी जाहीर केलेली मतांची नोंद पाहावी. कोणत्या ठरावावर कसे मत दिले आणि का, हे त्यांना कारणासह जाहीर करावे लागते. दुसरी मर्यादा आपल्या दाराशी आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाच्या पूर्ण मालकीची कंपनी. तिचे शेअर बाजारात नाहीत, म्हणून मतदानाचा असा तक्ता तिचा मिळणार नाही. तो कोल इंडियाचा पाहावा लागेल, आणि तिथे केंद्र सरकारचा हिस्सा सुमारे 63 टक्के असल्याने साधारण ठरावाचा निकाल आधीच ठरलेला असतो. अशा वेळी मंजूर की नामंजूर हे सोडून फक्त संस्थांची ओळ वाचावी. संचालकांच्या नेमणुकांवर त्या ओळीत विरोध दर वर्षी वाढत असेल, तर त्या नेमणुकांबद्दल व्यवस्थापनाला प्रश्न विचारण्याचा आधार आपल्या हाती असतो.

मित्रहो, माझे मागणे मोजके आहे. नागपूर जिल्ह्यात कारखाना, खाण किंवा कार्यालय असलेली, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी प्रत्येकाने निवडावी. तिच्या मागच्या पाच वर्षांच्या नोटिशी आणि पाच निकाल काढावेत, प्रवर्तकांची मते वगळून प्रत्येक ठरावाचा हिशोब पुन्हा मांडावा, आणि जे दिसेल ते नावानिशी, आकड्यांनिशी लिहावे. ‘सर्व ठराव मंजूर’ हे वाक्य यापुढे आपल्या बातमीत एकटे येऊ नये.