भरपाईच्या पत्रात आकडा कुठे आहे?

अमळनेरच्या बाजारात बराच माल धुळे, जळगाव, सुरतेहून टेम्पोने येतो. आपटून आला, की दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात एक कागद फिरतो, तो म्हणजे भरपाईचा प्रस्ताव. आज मी फक्त त्या कागदावर बोलणार आहे. असे कागद दुरुस्त करून देणे हा माझ्या वकिलीचा एक लहानसा भाग आहे.

असे एक पत्र समोर ठेवतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे बदलले आहेत. अमळनेरच्या एका कुटुंबाने धुळ्याहून लाकडी शोकेस मागवली. बिल २३,६०० रुपयांचे, म्हणजे मूळ किंमत २०,००० आणि १८ टक्के जीएसटीचे ३,६००. टेम्पोभाडे ७०० वेगळे. शोकेस उतरवली तेव्हा एक काच फुटलेली होती आणि एका दाराची चौकट उकललेली होती. दुकानाने लिहिले:

‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत असून, सदर वस्तूच्या करपूर्व मूल्याच्या कमाल ४० टक्क्यांपर्यंतची रक्कम, लागू वजावटी वगळून, सद्भावनेपोटी अदा करण्याचा विचार करण्यात येईल. सात दिवसांत हरकत न आल्यास प्रस्ताव अंतिम पूर्तता म्हणून मान्य असल्याचे गृहीत धरले जाईल.’

घरातल्या आजींनी हे ऐकून एवढेच विचारले, ‘माले कितला पैसा भेटतीन?’ उत्तर पत्रात नाही. मुलाने २३,६०० चे ४० टक्के काढले, ९,४४०. दुकानाच्या मनात २०,००० चे ४० टक्के, म्हणजे ८,०००, आणि त्यातून टेम्पोभाडे वजा, म्हणजे ७,३००. एकाच वाक्यातून २,१४० रुपयांचा फरक निघाला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. पुढे भांडण होणारच होते.

पत्र अवघड भाषेत लिहिले गेले म्हणून हे झाले, असे आपण म्हणतो. माझे म्हणणे वेगळे आहे. दुकानाने निर्णयच घेतलेला नव्हता. ‘कमाल’, ‘पर्यंत’, ‘विचार करण्यात येईल’ ही न घेतलेल्या निर्णयाची झाकणे होती. मी मालकांना म्हणालो, एक आकडा लिहा. त्यांनी ७,३०० लिहिला. मग म्हणालो, हा कसा आला तेही शेजारी लिहा. ‘७०० रुपये टेम्पोभाडे वजा’ असे लिहिताना ते थांबले. ज्या टेम्पोत काच फुटली त्याचेच भाडे गिऱ्हाइकाच्या भरपाईतून कापायचे, हे ‘लागू वजावटी’ या शब्दांत खपून गेले होते. उघड लिहिल्यावर त्यांनाच पटेना. त्यांनी वजावट खोडली. दुकानाच्या सुताराचा दुरुस्तीचा अंदाज ६,९०० होता, म्हणून ८,००० हा आकडा वाजवीही वाटत होता.

आता दुसरा भाग, होकार कसा द्यायचा. इथे लोक जास्त फसतात.

‘हरकत न आल्यास मान्य’ हे वाक्य दुकानदारांना फार आवडते, पण त्याला आधार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे स्वीकृती विनाशर्त हवी आणि ती व्यक्त झाली पाहिजे. गप्प राहणे म्हणजे होकार, असे एकट्या प्रस्ताव देणाऱ्याला ठरवता येत नाही.

मात्र याची दुसरी बाजू गिऱ्हाइकांनी ऐकावी. तोंडाने ‘हो’ न म्हणता कृतीनेही होकार जातो, असे त्याच कायद्याचे आठवे कलम सांगते. भगवती प्रसाद पवनकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच ठरवले. व्यापाऱ्याचा रेल्वेवर मालाच्या भरपाईचा दावा होता. रेल्वेने मागितल्यापेक्षा कमी रकमेचे धनादेश पाठवले आणि सोबत लिहिले की रक्कम मान्य नसेल तर धनादेश ताबडतोब परत करा, ठेवून घेतला किंवा वटवला तर दावा पूर्ण मिटला असे समजू. व्यापाऱ्याने धनादेश वटवले आणि उरलेल्या रकमेसाठी तक्रार चालू ठेवली. न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने निकाल दिला. हरकत घ्यायची तर ती वटवण्याआधी घ्यायला हवी होती. आधी पैसे उचलून मग हरकत घेतली, तर ती टिकत नाही.

निकाल कायद्याने बरोबर आहे. तरी पत्र लिहिणाऱ्याने त्यातून वेगळा धडा घ्यावा, असे मला वाटते. धनादेश निदान हातात येतो, परत करता येतो. आज दुकान तुमच्या खात्यात थेट यूपीआयने पैसे टाकते. तुम्ही बोटही हलवलेले नसते आणि दुकान म्हणते, मिटले. म्हणून मी आग्रह धरतो की आधी लेखी होकार, मग पैसे. हा क्रम पत्रातच दिसला पाहिजे.

सहीचेही तसेच. ‘पूर्ण व अंतिम’ या छापील शब्दांखाली सही केली म्हणून दार कायमचे बंद होत नाही. फसवून किंवा अडवून घेतलेली सही ग्राहकाचा दावा संपवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेरसिंग कॉटन मिलच्या विमाप्रकरणात सांगितले. पण फसवणूक किंवा दडपण सिद्ध करायची जबाबदारी ग्राहकावरच येते. दुकानाला टिकणारी सही हवी असेल, तर ती समजून केलेली असण्यातच त्याचा फायदा आहे.

शेवटी पत्र असे झाले:

‘तुमच्या शोकेसची एक काच व एक दार वाहतुकीत मोडले. त्याबद्दल आम्ही तुम्हाला ८,००० रुपये देऊ. यातून काहीही कापले जाणार नाही. शोकेस तुमच्याकडेच राहील.

मान्य असेल तर १५ तारखेपर्यंत या पत्राखाली सही करून दुकानात द्या, किंवा पावतीवरील क्रमांकावर “८,००० मान्य” असा संदेश पाठवा. सोबत बँक खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी कळवा. होकार मिळाल्यापासून तीन दिवसांत पैसे जमा होतील. पैसे घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही, आम्ही तो कधीही मागणार नाही.

होकार दिल्यावर या काचेसाठी व दारासाठी पुढे आणखी रक्कम मागता येणार नाही. शोकेसची एक वर्षाची वॉरंटी तशीच राहील.

मान्य नसेल तर तसे कळवा. उत्तर दिले नाही तर आम्ही होकार धरणार नाही, फक्त हा प्रस्ताव १५ तारखेनंतर संपेल. तुमची तक्रार संपणार नाही.’

मालकांना शेवटचा परिच्छेद खटकला. आपणच गिऱ्हाइकाला वाट का दाखवायची? मी सांगितले की ती वाट तशीही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि गिऱ्हाईक राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे दुकान धुळ्याचे असले, तरी तारखांना त्यांनाच जळगावला यावे लागले असते. हे ऐकल्यावर परिच्छेद राहिला.

एक गोष्ट पत्रात मुद्दाम घातली नाही. टेम्पोवाल्याकडून पैसे कोण वसूल करणार? ते दुकान आणि वाहतूकदार यांच्यातले प्रकरण आहे. माल नोंदणीकृत ट्रान्सपोर्टने आला असेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे दावा करण्याआधी, माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. पहिल्या मसुद्यात ‘वाहतूकदाराचा अहवाल आल्यावर’ असे शब्द होते. ते काढले. आजींनी शोकेस दुकानाकडून घेतली होती, टेम्पोवाल्याकडून नव्हे.

नवे पत्र पाठवण्याआधी मालकांनी ते गल्ल्यावरच्या मुलाला वाचायला दिले आणि पत्र उलटे ठेवून त्याला विचारले, किती मिळणार, काय करायचे, कधीपर्यंत? त्याने तिन्ही उत्तरे दिली. मग म्हणाला, ‘पण सही कुणाची? बिल तर त्यांच्या घरातल्या मुलाच्या नावावर आहे.’ पत्रात नाव घालायचे राहिले होते.