पाठीला बाक आहे, पण दुखतंय कशानं?



अंबरपेठेतल्या एखाद्या मराठी घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या नव्या गणवेशाचं माप घेताना शिंप्याच्या लक्षात येतं की हिचा उजवा खांदा किंचित वर आहे आणि कुडत्याचा घेर एका बाजूला उचलला जातो. त्याच सुमारास ती पाठ दुखत असल्याचंही सांगू लागते. डॉक्टर एक्स-रे काढतात, कणा आडव्या दिशेनं वाकलेला दिसतो, आणि घरातले सगळे एकाच निष्कर्षावर येतात: कणा वाकडा, म्हणून पाठ दुखते. हा निष्कर्ष बऱ्याचदा अपुरा असतो आणि क्वचित धोक्याचाही ठरतो. बाक आणि दुखणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आधी बाकाविषयी. एक्स-रेवर मोजलेला बाक दहा अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातल्या शंभर मुलांमागे साधारण दोन-तीन जणांत तो आढळतो. मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतात. बहुतेकांमध्ये कारण सापडत नाही आणि उंची भराभर वाढते त्या काळात बाकही वाढतो. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगितलं की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसते, कारण मणके नुसते कलत नाहीत, ते स्वतःभोवती फिरतात आणि बरगड्यांनाही सोबत फिरवतात. छातीच्या भागातला नेहमीचा बाक उजवीकडे फुगतो. पाय लहान-मोठे असल्यामुळे कणा कलला असेल, तर मुलगी स्टुलावर बसताच तो बहुधा सरळ होतो. खरा बाक बसल्यावरही राहतो.

आता दुखण्याविषयी. अमेरिकेत डॅलसच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1997 मध्ये असा बाक असलेल्या 2442 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या 560 जणांना, म्हणजे साधारण चौघांपैकी एकाला, पहिल्या भेटीतच पाठदुखी होती. तेव्हा बाक असलेल्या मुलीची पाठ दुखणं दुर्मीळ नाही. पण बाक किती अंशांचा आहे आणि पाठ दुखते की नाही, यांचा संबंध त्यांना आढळला नाही. बाकच दुखण्याचं मूळ असता, तर मोठ्या बाकाच्या मुलींमध्ये दुखणं जास्त आढळायला हवं होतं. शिवाय त्या 560 जणांपैकी 48 जणांत दुखण्यामागे वेगळंच कारण निघालं. बहुतेकांत ते कंबरेच्या मणक्याच्या मागच्या भागातली चीर किंवा सरकलेला मणका हे होतं. मोजक्यांत मज्जारज्जूत पाणी साठलेलं होतं आणि एकाच्या कण्यात गाठ होती. म्हणजे दहांपैकी नऊ जणांत गंभीर काही नव्हतं, पण उरलेल्या एकाला शोधून काढणं आपल्याच हाती होतं.

कधीकधी तर क्रमच उलटा असतो: दुखणं आधी सुरू होतं आणि बाक त्यामागून येतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची हाडातली एक छोटी, कर्करोग नसलेली गाठ असते. ती मुलांमध्ये जास्त आढळते, पण मुलींनाही होते. तिचा गाभा सहसा दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. ती मणक्यात झाली की आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि कणा त्या बाजूला ओढला जातो, म्हणून गाठ सहसा बाकाच्या आतल्या बाजूला सापडते. हे दुखणं रात्री वाढतं, झोपेतून उठवतं आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळीनं लक्षात येण्याइतकं थांबतं. साध्या एक्स-रेवर गाठ निसटू शकते, सीटी स्कॅनवर ती नीट दिसते. वेळेत काढली किंवा जाळून टाकली, तर दुखणं जातं आणि बाकही बहुधा कमी होतो. अशा मुलीला नुसता व्यायाम सांगून घरी पाठवलं, तर तिचं दुखणं आणि बाक दोन्ही तसेच राहतात.

मग ओळखायचं कसं? दप्तर वाहून किंवा दिवसभर बाकड्यावर बसून संध्याकाळी पाठ भरून येते, झोपलं की बरं वाटतं, सकाळी काही नसतं, हे बहुधा थकलेल्या स्नायूंचं दुखणं. कुचिपुडी शिकणारी किंवा खेळणारी मुलगी मागे वाकताना कंबरेत नेमक्या एका जागी कळ आल्याचं सांगते, तेव्हा मणक्यातली चीर आठवावी. रात्री जागं करणारं, एकसारखं वाढणारं दुखणं, सोबत ताप, वजन घटणं, पाठ लाकडासारखी ताठ होणं, असं असेल तर तपास थांबवू नये. आपल्याकडे अशा वेळी मणक्याचा क्षयही मनात धरावाच लागतो. छातीच्या भागातला बाक डावीकडे फुगलेला असणं, एका पावलाची कमान दुसऱ्यापेक्षा उंच असणं, बेंबीच्या आजूबाजूला हलकंच ओरखडल्यावर पोटाचे स्नायू एकाच बाजूला आकसणं, ही मज्जारज्जूकडे बोट दाखवणारी चिन्हं आहेत. पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं.

यावर कुणी म्हणेल, मग सरसकट सगळ्यांचा एमआरआय का करू नये? कारण काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही चकतीचे किरकोळ बदल दिसतात, आणि मुलीला नसलेला आजार चिकटतो. नीट ऐकलेली तक्रार आणि कपडे बाजूला करून केलेली पाठीची, पायांची तपासणी यांतून एमआरआय कुणाला हवा ते ठरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठेपणी तर बाकामुळे दुखतंच ना? अमेरिकेतल्या आयोवातल्या डॉक्टरांनी 2003 मध्ये उपचार न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात 61 टक्के जणांना दीर्घकाळची पाठदुखी होती, तर बाक नसलेल्यांत 35 टक्क्यांना. फरक आहे, तो नाकारता येत नाही. पण पाठ दुखणाऱ्यांतही बहुतेकांचं दुखणं सौम्य किंवा मध्यम होतं आणि ही माणसं आपापली कामं करत होती. शिवाय उतारवयात झिजलेल्या सांध्यांचं दुखणं चौदा वर्षांच्या मुलीच्या दुखण्याला लागू करता येत नाही.

उपचारही म्हणूनच वेगळे. वाढीच्या वयात पंचवीस ते चाळीस अंशांचा बाक असेल तर ब्रेस देतात, तो बाक वाढू नये म्हणून, दुखणं थांबवण्यासाठी नव्हे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्याआधीच थांबला, नुसती देखरेख ठेवलेल्यांत 48 टक्क्यांचा. शस्त्रक्रियेचा विचार साधारण पंचेचाळीस-पन्नास अंशांपुढे होतो. स्नायूंच्या दुखण्यावर मात्र पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम हाच मुख्य इलाज आहे. म्हणून मुलीला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. बाक किती आहे आणि वाढीची किती वर्षं उरली आहेत, हा पहिला. दुखण्याचं कारण स्वतंत्रपणे तपासलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सोडून देऊ नका.