लॉगबुक वाचून लिहिलेली चिठ्ठी



बदलापूर पूर्वेला खरवईची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका रसायन कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट आहे. माझ्या घरी अचानक अडचण आली, तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने माझी पाळी सांभाळली. नंतर मी त्यांना आभाराची एक छोटी चिठ्ठी लिहिली. ती लिहिताना काय लिहायचं आणि काय वगळायचं याचा मला बराच विचार करावा लागला. आज त्या चिठ्ठीबद्दलच बोलतो.

आधी आमचं काम थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते कळणार नाही. आमच्या बॉयलरमध्ये पांढरा कोळसा जळतो, म्हणजे शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या विटा. गॅसची किंवा तेलाची भट्टी बटणावर बंद करता येते, आमची तशी नाही. पंखे बंद केले तरी जाळीवरचा निखारा बराच वेळ तापत राहतो, पाण्याची वाफ होत राहते, आणि ड्रममधलं पाणी कमी होऊ नये म्हणून फीड पंपावर नजर ठेवावीच लागते. पाणी नळ्यांच्या खाली उतरलं तर नळ्या लाल होऊन फुगतात आणि फाटतात. म्हणून १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून नियम असा आहे, की सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय बॉयलर चालवायचा नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस दोन फायली उरकून देतो, तसं आमच्याकडे होत नाही. माझ्या जागी उभा राहणारा माणूस प्रमाणपत्रवालाच लागतो, आणि असे आम्ही मोजकेच आहोत.

त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला होतो, दुपारी तीन ते रात्री अकरा. संध्याकाळी घरून फोन आला. आई स्वयंपाकघरात बसल्या जागी कलंडली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात उचलत नव्हता आणि शब्द फुटत नव्हते. बायकोने १०८ ला फोन केलाच होता. अर्धांगवायूचा झटका मेंदूत रक्ताची गुठळी अडकून आला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही आधी सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. म्हणजे रात्री अकराला पाळी संपवून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मी दादांना, म्हणजे त्या सहकाऱ्याला, फोन केला. ते माझ्याहून वयाने आणि नोकरीने मोठे, वांगणीला राहतात. त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. मी दोन वाक्यं बोललो असेन. ते म्हणाले, "तू नीघ, मी गाडी पकडतोय." वांगणी ते बदलापूर एकाच स्थानकाचं अंतर, पण त्या मार्गावर लोकल मिनिटामिनिटाला नसतात. ते पोहोचेपर्यंत आमचे इंजिनिअर स्वतः बॉयलरजवळ उभे राहिले, त्यांच्याकडेही प्रमाणपत्र आहे. मी रुग्णवाहिकेबरोबर गेलो. इंजेक्शन वेळेत मिळालं. पुढचे काही दिवस माझी दुसरी पाळी दादांनीच केली. त्यांची पहिली पाळी दुसऱ्या एका सहकाऱ्याने उचलली.

त्याच रात्री मी त्यांना मोबाइलवर दोन ओळी पाठवल्या: आई अतिदक्षता विभागात आहे, इंजेक्शन दिलं, तुमच्यामुळे वेळेत पोहोचलो. त्या ओळी त्याच रात्री जाणं बरोबरच होतं. ज्याने आपली पाळी उचलली तो माणूस बॉयलरपुढे उभा राहून तिकडे काय झालं असेल याचाच विचार करत असतो. पण खरी आभाराची चिठ्ठी तेव्हा लिहिणं शक्य नव्हतं, कारण त्यांनी काय काय केलं हे मलाच ठाऊक नव्हतं.

कामावर परतलो तेव्हा पाळी सुरू व्हायच्या आधी मी लॉगबुक घेऊन बसलो. त्यात दर तासाला वाफेचा दाब, फीड पाण्याचं तापमान, धुराड्याचं तापमान आणि ठरलेल्या वेळी पाण्याची तपासणी लिहायची असते. माझ्या गैरहजेरीतली पानं मी सगळी वाचली. पहिल्याच संध्याकाळची एक नोंद होती: फीड पाण्यात हार्डनेस आला, सॉफ्टनर रिजनरेशनला घेतला, तोवर राखीव टाकीचं पाणी दिलं.

ही नोंद एका ओळीची असली तरी काम एका ओळीचं नाही. बॉयलरला क्षाराचं पाणी चालत नाही. ते सॉफ्टनरमधल्या राळेच्या दाण्यांतून जातं आणि दाणे क्षार पकडून ठेवतात. दाण्यांची ताकद संपली की क्षार थेट बॉयलरमध्ये जाऊन नळ्यांवर खपली धरतात, आणि खपलीमुळे उष्णता पाण्यापर्यंत न पोहोचता नळीच तापते. हे डोळ्यांना दिसत नाही. पाणी तसंच स्वच्छ दिसतं. कळतं ते फक्त तपासणीत. नमुन्यात बफरचे थेंब आणि सूचकाची चिमूट टाकायची. पाणी निळं झालं तर ठीक, जांभळट लाल झालं तर सॉफ्टनर संपला. त्या दिवशी वसाहतीच्या पाण्याचा दाब कमी होता म्हणून बोअरचं पाणी मिसळलं होतं, आणि त्यामुळे सॉफ्टनर नेहमीच्या वेळेआधीच संपला. दुपारी माझ्या तपासणीत पाणी निळंच आलं होतं. दादांनी आल्याबरोबर वेळापत्रकाची वाट न बघता नमुना घेतला, म्हणून ते सापडलं. मग उलट धुणं, मिठाचं पाणी सोडणं, आधी सावकाश आणि मग जोरात खळखळून धुणं आणि पुन्हा तपासणी. यात दीड-एक तास जातो, आणि तेवढा वेळ भट्टीकडे, दाबाकडे आणि राखीव टाकीकडेही लक्ष ठेवावं लागतं. सुट्टीच्या दिवशी घरून बोलावून आणलेला माणूस हे करत होता.

दुसरी नोंद काचेची. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तिचे कॉक उघडून ती झाडायची, म्हणजे वाफेची आणि पाण्याची वाट मोकळी आहे की नाही ते कळतं. पाणी झटकन वर आलं तर वाट मोकळी. रेंगाळत आलं तर कुठेतरी गाळ अडकलाय आणि काच खोटी पातळी दाखवतेय असं समजायचं. त्या सगळ्या दिवसांत, प्रत्येक पाळीला, दादांची ही नोंद होती. एकदा "पाणी सावकाश, पुन्हा झाडली, ठीक" असंही लिहिलं होतं.

हे वाचल्यावर मी चिठ्ठी लिहिली. वाचून दाखवतो.

"दादा, लॉगबुक वाचलं. सुट्टीच्या दिवशी एका फोनवर वांगणीहून आलात आणि आल्या आल्या हार्डनेस पकडलात. तो त्या संध्याकाळी सापडला नसता तर नळ्यांवर काय झालं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काचेच्या नोंदीही पाहिल्या. तुम्ही बॉयलरजवळ आहात हे माहीत होतं म्हणून दवाखान्यात मला दुसरी काळजी नव्हती. आई आता छोटे शब्द बोलते, उजवा हात अजून उचलत नाही, व्यायाम सुरू केलाय. तुमच्या सुट्टीच्या दिवसाची बदली सुट्टी लागावी म्हणून साहेबांना लिहून दिलंय. गौरी-गणपतीत तुम्हाला घरी जायचं असतं, त्या दिवसांची तुमची पाळी मी करीन, साहेबांशी बोललो आहे. मनापासून आभार."

एवढंच. काय गाळलं तेही सांगतो. दवाखान्याची सगळी हकीकत लिहिली नाही. त्यांना आईबद्दल काळजी होती म्हणून आज ती कशी आहे तेवढं लिहिलं. आईचा आजार हा तिचाही खाजगी विषय आहे, म्हणून चिठ्ठी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली, कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली नाही. "तुम्हाला फार त्रास दिला, माफ करा" असंही लिहिलं नाही. तसं लिहिलं की समोरच्याला "छे छे, त्रास कसला" म्हणत आपलीच समजूत काढावी लागते, आणि आभार राहतात बाजूला. "कधीही काही लागलं तर सांगा" हेही टाळलं. दादांसारखी माणसं कधीच काही सांगत नाहीत. त्यापेक्षा नेमके दिवस धरून पाळीचं बोललेलं बरं. ते आधी साहेबांना विचारून पक्कं केलं, मगच लिहिलं, कारण पाळी बदलणं आमच्या दोघांच्याच हातात नसतं.

साहेबांना दिलेला कागद वेगळा होता, आणि तो मला चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यात आईचं काही नव्हतं. अमुक तारखेला साप्ताहिक सुट्टी असताना त्यांनी दुसरी पाळी पूर्ण केली, पुढच्या अमुक तारखांना पाळी बदलून घेतली, हजेरीपटावर तशी नोंद व्हावी, एवढाच मजकूर. अशा प्रसंगी पुष्कळदा सगळं तोंडी होतं आणि महिनाअखेरीला मदत करणाऱ्याची सुट्टी बुडते. तो स्वतः मागायला जात नाही, त्याला ते बरं वाटत नाही. मागायचं काम ज्याच्यासाठी तो आला त्याचं आहे. आणखी एक काळजी घ्यावी: आभाराच्या ओघात "तुम्ही माझी सही केलीत", "माझं कार्ड पंच केलंत" असं काही कागदावर येऊ देऊ नये. दादांनी सगळीकडे स्वतःचीच सही केली होती. कुणाच्या बाबतीत घाईत तसं झालं असेल, तर ते आधी साहेबांना सांगून दुरुस्त करून घ्यावं.

दादांनी चिठ्ठी पाळीबदलाच्या वेळी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आईला कुठल्या वेळी भेटायला आलेलं चालेल ते विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी या, तेव्हा ती बसलेली असते. मग ते म्हणाले, "मीठ मागव. दोनच पोती राहिलीत, आणि बोअरचं पाणी अजून चालू आहे." मी स्टोअरला चिठ्ठी पाठवली आणि काच झाडायला गेलो.