टपालखर्च कोणाच्या पदरी घालावा?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या शिरूर व दौंड तालुक्यांतील कित्येक घरांतून हल्ली गूळ, कुरडया, साड्या असा माल फोनवर मागणी घेऊन परगावी धाडला जातो. जुन्या मासिकांतील जाहिरातींत किमतीपुढे 'ट. ख. निराळा' एवढे छापले की काम भागत असे. आज ग्राहक पैसे देण्यापूर्वीच तो खर्च पाहतो व पुष्कळदा तेथूनच माघारी फिरतो. तेव्हा हा खर्च सरसकट एकच घ्यावा, मुळीच घेऊ नये, की वजनावर घ्यावा, हे विक्रेत्याने हिशेबाने ठरविले पाहिजे.

दौंडकडील गुऱ्हाळाच्या गुळाचेच उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या कुरियरचा वा टपालकचेरीचा दर घालून पाहावा. गूळ ८० रुपये किलो. भाडे पहिल्या अर्ध्या किलोस ४० रुपये व पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस २५ रुपये; अपुरा अर्धा किलोही पुराच धरतात. एक किलोची ढेप खोक्यासह १२०० ग्रॅम भरते, म्हणजे दीड किलोचे ९० रुपये पडतात. पाच किलोचे पार्सल साडेपाच किलोत बसते व त्यास २९० रुपये लागतात.

आता विक्रेत्याने दहा पार्सले पाठविली. सात एक किलोची, तीन पाच किलोंची. एकूण भाडे १५०० रुपये झाले. सरासरी काढून त्याने प्रत्येकास १५० रुपये लावले. कागदावर हिशेब चोख जमतो. परंतु ८० रुपयांच्या गुळावर १५० रुपये भाडे पाहून एक किलोवाला निघून जातो, आणि पाच किलोवाला आनंदाने राहतो, कारण त्याचे १४० रुपये दुसऱ्याने भरलेले असतात. पुढील महिन्यात बहुतेक पार्सले पाच किलोंचीच निघतात व प्रत्येकामागे विक्रेत्यास १४० रुपयांची खोट येते. सरासरी ही गेल्या महिन्याच्या ग्राहकांची असते. दर बदलताच ग्राहकही बदलतात, हे येथे विसरले जाते.

'५०० रुपयांवर घरपोच मोफत' ही युक्ती गुळाला तर मुळीच लागू पडत नाही. सात किलो गूळ ५६० रुपयांचा होतो आणि साडेसात किलोंचे भाडे ३९० रुपये होते. जड व स्वस्त मालाला वजनाप्रमाणे आकारणी हाच मार्ग आहे, असे आमचे मत आहे. मात्र वजनाच्या टप्प्याकडे लक्ष हवे. ढेप किलोऐवजी ८५० ग्रॅमची केली, वेष्टनावर तसे स्पष्ट छापले व त्याप्रमाणे किंमत ठेवली, तर १२० ग्रॅमच्या हलक्या खोक्यासह पार्सल एक किलोच्या आत राहते, आणि ९० चे ६५ रुपये होतात.

वजनावर आकारणी काही आजची नव्हे. १८५४ साली हिंदुस्थानात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा सर्वत्र सारखा दर झाला. त्यात अंतराचा भेद गेला, पण वजनाचा राहिला.

कुरडयांचे गणित निराळे. त्या मोडू नयेत म्हणून खोके ऐसपैस लागते. अनेक कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास ५००० ने भागतात, आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनाहून जास्त असल्यास त्यावर भाडे घेतात. ३० × २५ × २० चे खोके घरच्या तराजूत पाऊण किलो भरले तरी बिलात तीन किलो होते, म्हणजे १६५ रुपये. बिल आणि तराजू यांत असा मोठा फरक दिसला की आधी खोक्यास पट्टी लावावी. लहान खोके मिळते का ते पाहावे, आणि एकाच मापाचे खोके ठरले की कुरडयांना दर खोक्यामागे सरसकट भाडे खुशाल लावावे. पार्सलापार्सलांत फरकच नसल्यामुळे येथे कोणी कोणाचे भाडे भरीत नाही. अंतरावर भाडे बदलत असेल तर जिल्ह्यात एक व बाहेर दुसरा, असे दोन दर ठेवले की पुरते.

मोफत पाठवणी शोभते ती साडीसारख्या हलक्या व महाग वस्तूस. ३००० रुपयांच्या साडीचे एक किलोपर्यंतचे भाडे ६५ रुपये. ते किमतीत सहज सामावते. पण येथे एक चोरवाट आहे. माल पोचल्यावर पैसे घेण्याच्या व्यवहारात काही साड्या दारावरूनच परत येतात. दहांपैकी दोन परत आल्या आणि येण्याचेही तेवढेच भाडे पडले, तर बारा फेऱ्यांचे ७८० रुपये उरलेल्या आठ साड्यांवर बसतात. म्हणजे किमतीत ६५ नव्हे, सुमारे ९८ रुपये मिळवावे लागतात. ज्याच्या साड्या याहून अधिक परत येतात, त्याने पाठवणीचे भाडे तरी आगाऊ मागून घ्यावे.