रक्तदाब : तुमची मर्यादा कोणती?

समजा, गोळ्या चालू असताना तुमचा रक्तदाब १३६/८४ भरला. दुसरा आजार नसेल, तर १४०/९० च्या आत म्हणून तो सहसा चालतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल, तर मात्र वरचा आकडा १३० च्या खाली आणावा, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. कारण जास्त दाबाने मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या खराब होतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. लघवीच्या तपासणीत ते कळते. पण दाब फार उतरला, तर उठताना चक्कर येते, वयस्कर माणसे पडतात. त्यांच्यासाठी डॉक्टर मर्यादा थोडी सैल ठेवतात. म्हणून गोळी स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका. तुमची मर्यादा डॉक्टरांनाच विचारा.