संकेतस्थळाचा छोटा करार : तीन कलमांची सांगड



समजा, भिलाईतील एका लघुउद्योजकाने स्वतंत्र व्यावसायिकाकडून ४०,००० रुपयांत संकेतस्थळ तयार करून घेण्याचे ठरविले. पैसे दिले की मूळ फायलीही आपल्याच झाल्या, असा त्याचा समज असतो. कायदा तसे मानत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. स्वतंत्र कंत्राटदाराच्या कामाचा हक्क मात्र सामान्यतः निर्मात्याकडेच राहतो. हस्तांतरणासाठी कलम १९ प्रमाणे हक्कधारकाच्या सहीचा लेख लागतो. त्यात मुदत नमूद नसेल, तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते.

म्हणून हक्काची सांगड देयकाशी घालावी. काम सुरू होताना १२,००० रुपये, आराखडा मंजूर झाल्यावर १६,००० आणि चाचणी पूर्ण झाल्यावर १२,००० द्यावेत. अखेरचा हप्ता मिळताच मूळ फायली व हक्क ग्राहकाकडे जातील, असे करारात लिहावे.

परंतु दुरुस्त्यांना मर्यादा नसेल, तर आराखड्याची मंजुरीच लांबते आणि दुसरा हप्ता अडतो. यासाठी दोनच फेऱ्या ठेवाव्यात व प्रत्येक फेरीत सर्व सूचना एकत्रित, लेखी द्याव्यात. मजकुराचा रंग बदलणे ही दुरुस्ती होय. नवे पान जोडणे हे नवे काम, त्याचा दर वेगळा. ठरलेल्या दिवसांत उत्तर न आल्यास आराखडा मंजूर समजावा, हे वाक्यही करारात असावे.