घड्याळ कोणाचे?
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला 'मोबाईलवरचे खेळ' हा विषय दिला, तेव्हा मुलांना मोबाईलपासून दूर कसे ठेवावे हे मी सांगेन अशी बऱ्याच जणांची समजूत झाली असेल. तसे मी काही सांगणार नाही. मी स्वतः खेळते. बँकेतून घरी जाताना मेट्रोत खेळते आणि रात्री झोपण्यापूर्वीही खेळते. माझ्यासारख्या माणसाला, म्हणजे मागे पडल्याची भावना जिला मुळीच सहन होत नाही अशा बाईला, कोणता खेळ मानवतो आणि कोणता मानवत नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

आपल्यापैकी अनेकांनी गडियाहाटच्या उड्डाणपुलाखाली बुद्धिबळाचे पट मांडलेले पाहिले असतील. संध्याकाळी ऑफिसातून सुटलेली माणसे तिथे येऊन बसतात. एखादा गृहस्थ महिनाभर आला नाही तर फार तर कोणीतरी "की दादा, कोथाय छिलेन?" असे विचारते आणि डाव सुरू होतो. महिनाभर न आल्यामुळे त्याचा एक उंट कमी केला जात नाही, आणि रोज येणाऱ्याला जादा वजीरही मिळत नाही. पट तिथेच असतो. माणूस येतो, खेळतो, घरी जातो.

फोनवरच्या बऱ्याच फुकट खेळांचे तसे नसते. रोज उघडलेत तर बक्षीस, सातव्या दिवशी मोठे बक्षीस. सलग किती दिवस आलात त्याचा आकडा कोपऱ्यात दिसत राहतो, आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. शिवाय 'फक्त तीन दिवस' चालणारा एखादा सोहळा असतो. त्यातली वस्तू तेव्हा घेतली नाही तर पुन्हा मिळेलच असे नाही. यामागे साधा व्यवहार आहे. खेळ फुकट असल्यामुळे उत्पन्न जाहिरातींतून आणि आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून येते, आणि त्यासाठी माणूस रोज परत यावा लागतो. म्हणून पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परतले याचा हिशेब ठेवला जातो. मिळण्याच्या आनंदापेक्षा हातचे जाण्याचे दुःख माणसाला अधिक लागते, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले होते. सलग दिवसांचा आकडा नेमका त्याच जागी बोट ठेवतो.

माझा अशाच एका खेळातला आकडा 212 होता. नाव सांगत नाही, कारण असे पुष्कळ आहेत. पुण्यात आईचे ऑपरेशन झाले त्या रात्री मी तिच्या खाटेजवळ बसले होते. पावणेबारा वाजले आणि मला आठवले की आज खेळ उघडलेला नाही. खोलीत नेटवर्क नव्हते, म्हणून जिन्यात गेले. खेळ उघडायला आणि बक्षिसाची खूण दाबायला दहा मिनिटे लागली. परत आले तर भाची दारात उभी. "आत्या, कुठे गेली होतीस? आजी शुद्धीवर आली, तुलाच विचारत होती." आईला पुन्हा झोप लागली होती. आकडा 213 झाला होता. दुसऱ्या दिवशी मी तो खेळ काढून टाकला, आणि खरे सांगते, काढताना वाईट वाटले. तेव्हा कळले की या गोष्टीकडे नीट पाहायला हवे.

नीट पाहिल्यावर मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटला: या खेळातले घड्याळ कोणाचे आहे? भिंतीवरचे, की खेळाचे स्वतःचे? दोन शेतांचे उदाहरण देते.

पहिले शेत तुमच्यापैकी काहींनी केलेले आहे. 2009 साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आले आणि 2020 च्या अखेरीस बंद झाले. त्यात स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार व्हायची. हे चार तास खरेखुरे, आपल्या भिंतीवरचे. वेळेत तोडली नाही तर ती सुकून जायची. म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये असा, लग्नात असा किंवा इस्पितळात असा, शेत पुढे चालूच. तिथे मागे पडणे शक्य होते, कारण खेळ तुमच्याशिवाय पुढे जात होता.

दुसरे शेत म्हणजे 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तयार केलेला हा खेळ 2016 साली संगणकावर आणि 2019 साली अँड्रॉइड फोनवर आला. एकदाच विकत घ्यायचा, पुढे जाहिरात नाही आणि आत काही विकतही नाही. यातही दिवस, ऋतू आणि सणवार आहेत, पण ते सारे खेळाच्या घड्याळावर चालतात. तिथला एक दिवस आपल्या साधारण 14 मिनिटांचा, ऋतू 28 दिवसांचा आणि वर्ष चार ऋतूंचे. तुम्ही फोन बंद केलात की सूर्य जागच्या जागी थांबतो.

माझेच सांगते. सुरुवातीला पार्सनिपच्या पंधरा बिया भेट मिळतात. पार्सनिप म्हणजे गाजरासारखे पांढरे कंदमूळ. ते चार दिवसांत तयार होते. दोन दिवस पाणी घातले, आणि मला आईसाठी पुन्हा पुण्याला जावे लागले. एकोणीस दिवसांनी हावड्याला उतरले आणि रात्री खेळ उघडला, तर तिथे तिसऱ्या दिवसाची सकाळ होती. पंधराही रोपे जशीच्या तशी. कोणी "तुमची आठवण येते" असे म्हणाले नाही, कोणते बक्षीस हुकले नव्हते. आणखी दोन दिवस पाणी घातले, पीक काढले, दर नगाला 35 प्रमाणे 525 नाणी आली. खेळातल्या एखाद्या दिवशी पाणी घालायचे राहिले तरी रोप मरत नाही, त्या दिवसापुरते फक्त वाढत नाही. हा बारकावा मला फार आवडला.

अर्थात यातही काळजी करणाऱ्याला काळजी सापडते. 28 तारखेला ऋतू बदलला की जुन्या ऋतूचे उभे पीक मरते. म्हणून बी घेताना उरलेले दिवस मोजावेत. 25 तारखेला आठ दिवसांचे पीक लावू नये. तेरा तारखेचा अंड्यांचा सण चुकला तर तो पुढच्या वसंतात पुन्हा येतो. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबा येऊन तुमच्या कामाला जास्तीत जास्त चार मेणबत्त्या देतात. ही परीक्षा ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. पण एक हिरा वाहिला की ते पुन्हा तपासतात, हवे तितक्यांदा. एक अडचण मात्र खरी आहे.  'अजून एकच दिवस' म्हणत रात्रीचा एक वाजतो. तो दोष आपल्या हाताचा आहे, त्याला गजर लावावा.

आता फसगत कुठे होते? गोड, शांत दिसणाऱ्या खेळात. 'ॲनिमल क्रॉसिंग'चा 2020 सालचा खेळ कोणालाही निवांतच वाटेल, आणि कित्येकांना तो तसा आहेही. पण त्याचे घड्याळ भिंतीवरचे आहे. बरेच दिवस गेलो नाही तर तण माजतो, शेजारी इतके दिवस कुठे होता म्हणून विचारतात, आणि तिथल्या यंत्रावर रोज गेल्यास सात दिवसांपर्यंत वाढत जाणारे गुण मिळतात. तेव्हा चित्रांवर जाऊ नये, घड्याळ पाहावे.

ते ओळखायचे कसे? मी तीन गोष्टी करते. स्टोअरमध्ये खेळाच्या नावाखाली आतील खरेदीची सूचना आहे का ते पाहते. असली तर काय विकतात ते वाचते. अतिरिक्त प्रकरण एकदाच विकणे ठीक, पण 'सीझन पास' किंवा रत्नांच्या थैल्या दिसल्या की सोडून देते. दुसरे, उतरवून घेतल्यावर फोन विमान-मोडवर टाकून खेळ उघडते. चालला तर निदान तो कोणाच्या सर्व्हरची वाट पाहत नाही. पण एवढ्यावर निभत नाही, कारण फोनला स्वतःची तारीख ठाऊक असते. म्हणून तिसरी परीक्षा: पहिल्या दिवशी तासभर खेळून मुद्दाम तीन दिवस उघडत नाही. चौथ्या दिवशी पहिला पडदा काय दाखवतो ते पाहते. सोडले होते तीच जागा दिसली तर खेळ ठेवते. सात चौकोनांचे कॅलेंडर किंवा उलटे धावणारे घड्याळ दिसले तर तिथेच नमस्कार.

ज्यांना शेतीत रस नाही त्यांच्यासाठी आणखी दोन नावे. पैसे घालायचे नसतील तर Simon Tatham's Puzzles हा संग्रह घ्यावा. सुमारे चाळीस प्रकारची तर्काची कोडी आहेत, सुडोकूचा प्रकारही आहे. फुकट, जाहिरात नाही, मेट्रोच्या भुयारात नेटवर्क नसतानाही चालतो. 'आजचे कोडे' अशी भानगडच नाही. मागाल तेव्हा नवे कोडे तयार होते, म्हणून कालचे राहिले असे होतच नाही. आणि गोष्ट आवडत असेल तर आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली काढलेला 'राजी' आहे. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा आहे, आणि ती काही तासांत संपते. संपणाऱ्या खेळात मागे पडायला जागाच नसते. झाल्यावर पुस्तक मिटावे तसे मिटायचे.

एक मर्यादा सांगते. खेळ थांबला तरी बाहेरचे लोक थांबत नाहीत. पहिल्याच वर्षात कोणी दहा लाख नाणी कमावल्याचे व्हिडिओ पाहिले की माझी 525 नाणी मलाच किरकोळ वाटू लागतात. त्यावर खेळात काही इलाज नाही. मी ते व्हिडिओ पाहत नाही, एवढेच.

आई आता बरी आहे. रात्री फोन करते तेव्हा विचारते, "तुझ्या शेतात आज कोणता वार?" मी सांगते, "गेल्या आठवड्यापासून बुधवारच आहे गं." ती हसते, आणि आम्ही हव्या तितक्या वेळ बोलतो.